अहवालातले ११२ रुग्ण: मंडळाच्या कार्यकारिणीस खुले पत्र

माननीय अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य यांस,
सप्रेम नमस्कार.

गणेशोत्सवातल्या सभेत वार्षिक अहवाल वाटला गेला. त्यात ग्रामीण आरोग्य शिबिराबद्दल तीन ओळी आहेत. एकूण खर्च १,०८,००० रुपये. ४०० ग्रामस्थांची तपासणी. मधुमेह व उच्च रक्तदाबाचे ११२ रुग्ण आढळले. मागच्या रांगेतून कोणीतरी मोबाइलवर भागाकार करून मोठ्यानं सांगितलं, "म्हणजे एका रुग्णामागे ९६४ रुपये, हजारसुद्धा नाही!" टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. घरी आल्यावर मात्र तो भागाकार काही डोक्यातून जाईना, कारण भाज्य आणि भाजक दोन्ही मला ओळखीचे होते. शिबिराच्या दिवशी तीन नंबरच्या टेबलावर रजिस्टर लिहायला मीच बसले होते.

नव्या सभासदांसाठी सांगते, माझी सगळी नोकरी आरोग्य खात्यात आकडे जुळवण्यात गेली. निवृत्त झाल्यावर इंदूरच्या बाहेर फारशी पडले नव्हते. शिबिराच्या निमित्तानं सांवेर तहसीलमधलं ते गाव पाहिलं आणि नंतर वर्षभर जात राहिले. त्या वर्षाचा हिशेब मी आधी कार्यकारिणीला खासगीत दिला होता. त्यावर चर्चा झाली नाही आणि पुढच्या शिबिराच्या मंडपाची बयाणा रक्कम द्यायची वेळ आली, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर. हिशेब समजायला सोपा जावा म्हणून आकडे थोडे गोल केले आहेत. मूळ वही माझ्याकडे आहे.

सुरुवात तीन नंबरच्या टेबलापासून करते. आपण नोंदणीजवळच नाश्ता ठेवला होता, आणि इंदूरकरांचा नाश्ता म्हणजे पोहे-जलेबी. साधारण पन्नाशीचे एक शेतकरी नाश्ता आटोपून थेट माझ्या टेबलाशी आले. मुलीनं स्पिरिटचा बोळा बोटावर फिरवला, टोचलं, पट्टीवर थेंब घेतला. ग्लुकोमीटरवर ३१२. मुलगी घाबरली, ते गृहस्थ त्याहून घाबरले. मी त्यांना हापशावर पाठवलं, हात नीट धुवायला लावले, कोरडे करायला लावले आणि दुसऱ्या हाताच्या बोटावर पुन्हा टोचायला सांगितलं. ११८. पहिल्या आकड्यात रक्तातली साखर थोडी आणि जलेबीचा पाक जास्त होता. बोटाला गोड लागलेलं असलं की ग्लुकोमीटर ते मोजतो, आणि नुसत्या स्पिरिटनं पाक पुरता निघत नाही. पाण्यानंच धुवावा लागतो. हे मी पाहिलं म्हणून ते नाव खोडलं गेलं. त्याआधी दीडेकशे बोटं त्याच टेबलावरून गेली होती. त्यांतली किती चिकट होती, हे आता देवालाच ठाऊक.

बोटं धुतली असती तरीही नाश्त्यानंतरची शुगर ती नाश्त्यानंतरचीच. आपण १४० च्या वर आकडा आला की रुग्ण असं लिहिलं. चाळणीसाठी ही रेघ ठीक आहे, गावपातळीच्या सरकारी तपासणीतही ती वापरतात. पण तिचा अर्थ इतकाच की याची पुन्हा तपासणी करा. मधुमेह आहे असं म्हणायला उपाशीपोटी शिरेतून घेतलेल्या रक्तात १२६ किंवा त्याहून जास्त लागतं. बीपीचंही तसंच. दोन किलोमीटर चालत आलेला, रांगेत तासभर उभा राहिलेला, माइकवरून पाहुण्यांचं भाषण ऐकत असलेला माणूस स्टुलावर टेकला आणि लगेच स्वेटरच्या बाहीवरून पट्टा आवळला, तर १४०/९० ओलांडायला काय लागतं? पाच मिनिटं शांत बसवायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात उघडा, दोनदा मोजायचं, आणि दुसऱ्या कुठल्यातरी दिवशी पुन्हा मोजायचं, तेव्हा कुठे रक्तदाब वाढलेला आहे असं म्हणता येतं. आपल्याकडे एकाला दीड मिनिट मिळत होतं.

आता त्या ११२ नावांकडे येते. रजिस्टरमध्ये "आधीपासून औषध चालू आहे का" असा रकानाच नव्हता. मी समासात पेन्सिलनं खूण करत गेले. एक आजी कॅरीबॅगमधून गोळ्यांच्या पट्ट्या काढून माझ्यापुढे मांडत म्हणाल्या, "मेरे को तो छे साल से है शक्कर, पता है. बड़े डॉक्टर साब आए हैं, तो सोचा दिखा लूँ." त्या आल्या यात त्यांची काहीच चूक नाही; इंदूरचा विशेषज्ञ घरच्या अंगणात आला तर मीही जाईन. पण त्या आपल्या अहवालात "आढळल्या" आहेत. पेन्सिलच्या अशा खुणा ४६ निघाल्या. उरले ६६.

या ६६ जणांची पुन्हा तपासणी व्हायला हवी होती. शिबिरात ती सोय नव्हती. "पंधरा दिवसांनी दाखवा" असं चिठ्ठीवर लिहून दिलं होतं, कुठे दाखवा ते लिहिलं नव्हतं. पुढच्या सव्वा महिन्यात मी आणि गावच्या आशाताई त्यांच्या मागे लागलो. ३१ जण सापडले आणि तपासणीला तयार झाले. बाकीच्या ३५ मध्ये कोणी शेजारच्या गावचे, कोणी लेकीकडे आलेले पाहुणे, आणि बऱ्याच जणांचा फोन नंबर एक आकडा कमी लिहिलेला. त्या ३१ पैकी १७ जणांना खरोखर मधुमेह किंवा उच्च रक्तदाब निघाला, आणि तो त्यांना आधी माहीत नव्हता.

एवढ्यानं भाजक ११२ चा १७ झाला. भाज्यही बदलतो. आठ डॉक्टर रविवार मोडून आले, त्यांनी मानधन घेतलं नाही, म्हणून आपण तो खर्च शून्य धरला. मंडळाच्या खतावणीत तो शून्यच असतो, हे मान्य. पण आपण दोन पद्धतींची तुलना करायला बसलो की प्रश्न खतावणीचा राहत नाही. तो रविवार त्या डॉक्टरांना दुसरीकडे देता आला असता, आणि दरवर्षी ते येतीलच याचीही हमी नाही. माणशी चार हजार धरले, तर ३२,००० होतात आणि एकूण खर्च १,४०,००० वर जातो. भागिले १७. एका नव्या, पक्क्या रुग्णामागे साधारण ८,२०० रुपये.

९६४ आणि ८,२०० हे एकाच दिवसाचे, एकाच मंडपातले आकडे आहेत. फरक आपण कोणाला मोजतो त्याचा आहे.

इथे शिबिराच्या बाजूनं बोलायला हवं. न सापडलेल्या ३५ जणांमध्ये एकही खरा रुग्ण नव्हता असं मी धरलं, ते शिबिरावर अन्याय करणारं आहे. सापडलेल्यांत निम्म्याहून थोडे जास्त खरे निघाले. तेच प्रमाण त्या ३५ ना लावलं तर आणखी १९ होतील, म्हणजे एकूण ३६. आपण शिबिरातच नंबर नीट घेतले असते, आशाताईंना शोधाशोधीचे दहा हजार दिले असते आणि एकूण एक माणूस गाठला असता, तरी १,५०,००० भागिले ३६, म्हणजे सुमारे ४,२०० रुपये. शिबिराची याहून चांगली बाजू मला मांडता येत नाही. हा ४,२०० लक्षात ठेवावा, पुढची तुलना मी याच्याशीही करणार आहे.

दुसरी पद्धत आम्ही तिघींनी शेजारच्या गावात करून पाहिली. मंडळाचे पैसे घेतले नाहीत, तिघींनी वर्गणी काढली. तिथल्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, म्हणजे गावच्या सरकारी दवाखान्यात, आरोग्य अधिकारी असलेल्या सीएचओ मॅडमना भेटलो, गावच्या दोन आशाताईंना विश्वासात घेतलं. सरकारचा एक फॉर्म आहे, त्याला त्या सगळ्या सीबॅक म्हणतात. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाला पाच-सहा प्रश्न: वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, अंगमेहनत, घरात कोणाला बीपी-शुगर-हृदयरोग आहे का. प्रत्येक उत्तराला गुण. बेरीज चारच्या वर गेली की धोका जास्त, त्याला आधी तपासायचं. फॉर्म सगळ्या गावांत आहे, भरलाही जातो, पण आशाताईंवर इतर इतकी कामं असतात की कमरेचा घेर पुष्कळदा नजरेनंच मोजला जातो. आम्ही फॉर्ममागे वरचे वीस रुपये दिले आणि प्रत्येकीला टेप दिली. अट एकच: टेप लावल्याशिवाय घेर लिहायचा नाही.

गावात तिशीवरचे ५६० निघाले. त्यांतल्या ८० जणांना आपला आजार आधीच माहीत होता. ते घरीच बाजूला निघाले, आणि शिबिरात आपण ज्यांवर सगळ्यात जास्त वेळ घालवतो ती माणसं रांगेत आलीच नाहीत. राहिलेल्या ४८० पैकी १९० जणांचे गुण चारच्या वर होते. त्यांना तीन वेगवेगळ्या दिवशी सकाळी साडेसहा ते नऊ या वेळेत उपाशीपोटी बोलावलं. वेळ आशाताईंनी ठरवली. त्या म्हणाल्या, गव्हाला पाणी द्यायला मोटर केव्हा चालू होते ते विचारा आणि त्याआधी बोलावा. आपल्या शिबिरात दहा वाजता उद्घाटन होतं. त्या वेळी चाळिशीतले पुरुष शेतात असतात, म्हणून तर आपल्या रजिस्टरमध्ये म्हाताऱ्या बायका आणि शाळकरी मुलं जास्त दिसतात. इथे १५० जण आले. ४१ जण चाळणीत अडकले. आठ दिवसांनी त्यांतले ३६ पुन्हा आले, कारण घरापासून आरोग्य मंदिर दोनशे पावलांवर होतं आणि बोलवायला शेजारचीच आशाताई गेली होती. पक्के नवे रुग्ण २४.

खर्च: फॉर्मचे ११,२००, पट्ट्या-सुयांचे ३,३००, नर्सबाईंच्या चार सकाळींचे ६,०००, डॉक्टरांच्या दोन अर्ध्या दिवसांचे ५,०००, गाडीचे ४,८००, आणि बीपीच्या दोन मशिनी तीन वर्षं चालतील असं धरून यंदाच्या वाट्याचे १,७००. बेरीज ३२,०००. इथे डॉक्टरांना पैसे दिले आहेत, फुकट धरलेले नाहीत. पक्क्या तपासणीचं रक्त दोन्ही गावांत सरकारी प्रयोगशाळेत गेलं, तो खर्च सरकारनं उचलला, तो दोन्हीकडे सारखाच म्हणून दोन्हीकडे सोडला. ३२,००० भागिले २४ म्हणजे एका रुग्णामागे १,३०० च्या आसपास. शिबिराच्या ८,२०० शी तुलना करायची नसेल तर त्या उदार ४,२०० शी करा. तरी तिपटीहून जास्त अंतर राहतं.

तिसरी पद्धत थोडक्यात, कारण तिच्यात अर्थ कमी आहे पण शिकण्यासारखी एक गोष्ट आहे. आठवडी हाटात टेबल मांडून येणाऱ्या-जाणाऱ्यांची शुगर-बीपी पाहायची, ही सूचना आपल्याच एका सदस्यांची. तीन हाटांत १४,००० रुपये गेले, २१० जण तपासले, ४८ जणांचे आकडे वर आले. अहवालाच्या भाषेत एका रुग्णामागे २९२ रुपये! तिन्ही पद्धतींत सगळ्यात स्वस्त. मग ४८ मधले २० जुने रुग्ण वजा केले, उरलेल्या २८ पैकी फक्त ६ जण पुन्हा हाती लागले, कारण हाटात वीस गावांची माणसं येतात आणि संध्याकाळी पांगतात. पक्के निघाले ४. एका रुग्णामागे ३,५००. अहवालाच्या पद्धतीनं मोजलं तर हाट पहिला, घरोघरची पद्धत दुसरी, शिबिर तिसरं. पक्के नवे रुग्ण मोजले तर घरोघरची पद्धत पहिली येते आणि हाट कितीतरी मागे पडतो. उद्या कोणी देणगीदारानं "सगळ्यात स्वस्त पद्धत करा" म्हणून हाटाला पैसे दिले असते, तर आकड्यांनी त्याला अडवलं नसतं.

आता घरोघरच्या पद्धतीतली खोट. ज्यांचे गुण चारच्या आत होते त्या २९० जणांना आम्ही तपासलंच नाही. त्यांच्यात कोणी रुग्ण नाही असं म्हणणं म्हणजे न उघडलेल्या डब्यात काही नाही असं म्हणणं. म्हणून त्यांतले ४० जण चिठ्ठ्या टाकून निवडले आणि तपासले. दोघांना रक्तदाब निघाला, दोघंही पस्तिशीच्या आतबाहेरचे, सडपातळ, तंबाखू न खाणारे. फॉर्मनं त्यांना सोडून दिलं होतं. चाळिसांत दोन म्हणजे शंभरात पाच. पण नमुना इतका लहान आहे की खरं प्रमाण शंभरात दोन असेल किंवा दहाही असेल. पाच धरून चालू.

मग प्रश्न असा, की सगळ्यांनाच का तपासू नये? इथे सरासरी खर्चाकडे पाहून चालत नाही. वाढीव माणसांवर वाढीव खर्च किती आणि त्यातून वाढीव रुग्ण किती, हे वेगळं काढावं लागतं. याचं अभ्यासातलं गाजलेलं उदाहरण १९७५ सालचं आहे. मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी शौचातलं न दिसणारं रक्त लागोपाठ सहा वेळा तपासावं अशी अमेरिकेत शिफारस होती. न्यूहाउझर आणि लेविकी यांनी हिशेब केला. सहा तपासण्या मिळून एका रुग्णामागे सरासरी २,४५१ डॉलर, म्हणजे ठीकच दिसतं. पण पहिल्या पाच तपासण्यांनी जवळजवळ सगळे रुग्ण पकडलेले असतात; केवळ सहाव्या तपासणीमुळे जो एखादा जास्त सापडतो त्याच्यामागे ४ कोटी ७० लाखांहून जास्त डॉलर. सहावी तपासणी सरासरीच्या पोटात लपून बसली होती. त्यांच्या गृहीतकांवर पुढे पुष्कळ टीका झाली, प्रत्येक तपासणी रोग इतका हमखास पकडते हे मानणं धाडसाचंच होतं. तरी शेवटच्या पायरीचा खर्च वेगळा काढायचा, ही रीत त्यानंतर या विषयात रुजली.

आपल्या गावाला ती लावू. उरलेल्या २९० पैकी २५० जण येतील असं धरलं, तर पट्ट्यांचे ४,५००, नर्सबाईंच्या आणखी चार सकाळींचे ६,०००, गाडीचे ४,८०० आणि पुन्हा तपासणीचे, शोधाशोधीचे २,७००, मिळून १८,०००. रुग्ण शंभरात पाच, म्हणजे बारा-तेरा. बारा धरा. वाढीव रुग्णामागे १,५००. मला वाटलं होतं हा आकडा खूप वर जाईल; गेला नाही. कारण एकदा आशाताई, नर्सबाई आणि जागा ठरली की माणूस वाढवायला फार लागत नाही. प्रमाण शंभरात दोनच असेल, तर मात्र पाच रुग्ण मिळतील आणि तोच आकडा ३,६०० होईल. मग ते १८,००० घेऊन पुढच्या गावात फॉर्मपासून सुरुवात केलेली बरी. म्हणून हे ठरवण्याआधी आणखी शंभर चिठ्ठ्या टाकायला हव्यात. हे काम अजून झालेलं नाही.

हीच रीत शिबिराच्या खर्चाला लावा. मंडप-खुर्च्या-माइक २४,०००, नाश्ता-जेवण २२,०००, औषधं २०,०००, बॅनर, पत्रिका, शाल-श्रीफळ १३,०००, गाड्या १२,०००, ईसीजी ९,०००, आणि प्रत्यक्ष तपासणीचं साहित्य ८,०००. शंभरातले साडेसात रुपयेही तपासणीवर गेले नाहीत. ईसीजी यंदा नव्यानं वाढवला होता. ६० जणांचे काढले, त्यातून कोणाच्या उपचारात काही बदल झाला अशी एकही नोंद मला सापडली नाही. ९,००० भागिले शून्य. सरासरीत मिसळल्यामुळे तो कोणाला दिसला नाही.

या तुलनेच्या मर्यादा मला ठाऊक आहेत, आणि कोणी सभेत त्यांवर बोट ठेवण्याआधी मीच सांगते. गावं दोन आहेत. शिबिराचं गाव हमरस्त्यावर, दुसरं आत. दुसऱ्या गावातल्या आशाताई कामाला वाघ होत्या, सगळीकडे तशा मिळणार नाहीत. आणि ही स्वस्ताई पहिल्या वर्षाची आहे. पहिल्या फेरीत वर्षानुवर्षं साचलेले रुग्ण सापडतात. पुढच्या वर्षी त्याच गावात तेच केलं तर तेवढ्या बारा महिन्यांत नव्यानं झालेलेच सापडतील. पाच-सहा सापडले तर खर्च रुग्णामागे सहा हजारांच्या घरात जाईल. म्हणून त्याच गावात दरवर्षी फेरी काढणं चूक. गावं बदलायला हवीत, आणि जुन्या गावात फक्त आधीच्या रुग्णांची गोळी चालू आहे का ते पाहायला हवं.

गोळीचं बोलले म्हणून सांगते. तीन महिन्यांनी मी दोन्ही याद्या घेऊन फिरले. शिबिराच्या १७ पैकी ६ जण औषध घेत होते. शिबिरात आपण पंधरा दिवसांचं औषध दिलं, त्यात निम्म्या ताकदीच्या गोळ्या होत्या, आणि ते संपल्यावर काय करायचं हे कोणी सांगितलं नव्हतं. एका घरात आपली रिकामी पट्टी देव्हाऱ्याशेजारी नीट जपून ठेवलेली होती, पुढच्या शिबिरात "यही वाली" मागायला. दुसऱ्या गावातल्या २४ पैकी १७ जण घेत होते, कारण आरोग्य मंदिरात बीपी-शुगरच्या साध्या गोळ्या फुकट मिळतात आणि त्यांचं कार्ड तिथेच केलेलं होतं. औषध घेणाऱ्या एका माणसामागे खर्च काढला तर एकीकडे तेवीस हजारांच्या वर आणि दुसरीकडे दोन हजारांच्या आत. नुसतं "आढळलं" इथवर थांबणारा हिशेब ही गोष्ट दाखवत नाही.

आणखी एक. ११२ हा आकडा आपण मोठं यश म्हणून छापला. आयसीएमआरच्या इंडियाब या देशव्यापी अभ्यासाचे आकडे २०२३ मध्ये आले. त्यात देशातल्या प्रौढांपैकी ३५.५ टक्क्यांना उच्च रक्तदाब आणि ग्रामीण भागात ८.९ टक्क्यांना मधुमेह आहे. अशा देशात ४०० जणांच्या गर्दीत २८ टक्के निघणं म्हणजे गर्दी जमवता आली एवढंच. तो आकडा राजवाड्यासमोर संध्याकाळी टेबल मांडूनही निघाला असता.

मंडप नको असं माझं म्हणणं नाही, हे आधीच स्पष्ट करते, कारण मागच्या वेळी तसा अर्थ काढला गेला. मोतीबिंदूसाठी शिबिर चांगलं. डोळा तिथल्या तिथे तपासून कळतो, चिकट बोटाचा प्रश्न नाही, आणि त्याच संध्याकाळी शस्त्रक्रियेसाठी नेणारी बस उभी असेल तर माणूस हरवत नाही. बीपी-शुगरमध्ये पहिल्या आणि दुसऱ्या तपासणीच्या मधल्या पंधरा दिवसांत माणूस हरवतो, आणि आपला सगळा पैसा पहिल्याच दिवसावर खर्च होतो.

माझ्या मागण्या कार्यकारिणीपुढे अशा आहेत. यंदाच्या १,०८,००० मधून मंडप, माइक, जेवण, सत्कार आणि ईसीजी वगळावेत. त्या पूर्ण १,०८,००० मध्ये घरोघरची पद्धत तीन गावांत होते आणि १२,००० उरतात, ते तीन महिन्यांनंतरच्या फेरीसाठी ठेवावेत. देणगीदारांना फोटो हवे असतील तर सकाळी साडेसहाला गाडीत जागा आहे. शिबिर करायचंच ठरलं, तर निदान नाश्ता तपासणीनंतर द्यावा, टेबलाशेजारी साबण-पाण्याची बादली ठेवावी, आणि रजिस्टरमध्ये चार रकाने वाढवावेत: आधीपासून माहीत होतं का, दुसऱ्या तपासणीची तारीख, ती कोण करणार, आणि तीन महिन्यांनी औषध चालू आहे का. फोन नंबर लिहून झाल्यावर तिथेच मिस्ड कॉल द्यावा. पुढच्या अहवालात "आढळले" या शब्दापुढे नवे-पक्के किती हा आकडा छापावा, आणि यंदाच्या अहवालाला शुद्धिपत्र जोडावं: ११२ ऐवजी १७, आणि ३५ जणांचा पत्ता लागला नाही.

हे शुद्धिपत्र काहींना झोंबेल, याची मला कल्पना आहे. कोणी म्हणेल, मावशींना मंडळाची बदनामी करायची आहे. ज्यांनी मांडव घातला, पोहे केले, गाड्या दिल्या, त्यांच्यापैकी कोणाच्याही मनात खोट नव्हती. मीही त्यांच्यातच होते आणि तीन नंबरच्या टेबलावरचा तो रकाना नसलेला रजिस्टर मीच आखला होता.

बयाणा देण्याआधी, दर गुरुवारी संध्याकाळी पाच ते सात मी मंडळाच्या वाचनालयात वही घेऊन बसेन. न सापडलेल्या ३५ जणांची यादी त्याच वहीच्या शेवटच्या पानावर आहे. त्यांतल्या अकरा नंबरांत एक आकडा कमी आहे. ज्यांनी नोंदणीच्या टेबलावर काम केलं त्यांनी येऊन एकदा पाहिलं, तर अक्षर ओळखून दोन-चार तरी जुळतील.

आपली,
मंडळाची एक आजीव सभासद
इंदूर